डीआय आणि ॲम्प: बेस गिटारच्या दोन आवाजांचा मेळ

सोलापुरात पूर्व भागात रेकॉर्डिंग करायचं म्हणजे यंत्रमागाशी आधी बोलणी करावी लागतात. खोलीला कितीही गाद्या लावा, दारं कितीही घट्ट बसवा, शेजारच्या मागांची ठाकठाक जमिनीतून वर येतेच. गायकाच्या माइकवर ती फारशी जाणवत नाही, पण बेस गिटारच्या ॲम्पसमोर माइक ठेवला की खालच्या पट्टीत सतत काहीतरी धडधडत राहतं. म्हणून आमच्याकडचे बहुतेक जण बेसची वायर थेट मिक्सरला किंवा रेकॉर्डिंगच्या इंटरफेसला लावून मोकळे होतात. आवाज स्वच्छ येतो. मग गाणं तयार झाल्यावर बेसवादक येऊन म्हणतो, ‘सगळे सूर ऐकू येतायत, पण अंगावर येत नाही.’

थेट वायरीचा आवाज आणि ॲम्पसमोरच्या माइकचा आवाज एकत्र करायचा उपाय या तक्रारीवर सगळेच सांगतात. पण तो करताना काय बिघडतं, हे फार कमी जण सांगतात. दोन वाटांनी आलेल्या आवाजांची नुसती बेरीज केली, तर बऱ्याचदा वजन वाढण्याऐवजी कमी होतं. या लेखाचा भर त्या बेरजेवर आहे.

थेट वायरीची पद्धत नवी नाही. डेट्रॉईटच्या मोटाउन स्टुडिओत १९६० च्या दशकात जेम्स जेमरसनचा बेस ॲम्पशिवाय, सरळ वायरीने रेकॉर्ड होत असे, आणि त्या रेकॉर्ड्सवरचा बेस आजही ठसठशीत वाटतो. लंडनच्या ईएमआय स्टुडिओत फेब्रुवारी १९६७ मध्ये ‘सार्जंट पेपर’च्या शीर्षकगीतासाठी पॉल मॅकार्टनीचा बेस असाच थेट घेतला गेला, त्यासाठीची पेटी तिथले अभियंते केन टाउनसेंड यांनी जुळवली होती. अशा थेट जोडणीच्या पेटीलाच आज डायरेक्ट बॉक्स, म्हणजे डीआय, म्हणतात. दुसऱ्या बाजूला १९६० मध्ये आलेला अँपेगचा पोर्टाफ्लेक्स आणि १९६९ मधला तीनशे वॉटचा एसव्हीटी यांनी ॲम्पच्या आवाजाची चव लावली. रॉकच्या रेकॉर्ड्समध्ये जो गुरगुरणारा बेस ऐकू येतो, तो बहुतेक अशा व्हॉल्व्हच्या ॲम्पमधून आलेला असतो.

आता पहिली गैरसमजूत. डीआय म्हणजे स्पष्टपणा आणि ॲम्प म्हणजे वजन, अशी सरळ वाटणी आपण मनात केलेली असते. ती अर्धीच खरी आहे. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की तिचा मूळ सूर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो. बेसची मोठमोठी कॅबिनेट, अगदी दहा इंची आठ स्पीकरवालीसुद्धा, ६० हर्ट्झच्या आसपासच खाली उतरू लागतात. म्हणजे तळाचा खरा सूर डीआयच पूर्ण पोचवतो. ॲम्प तिथे मागे पडतो. मग ॲम्पमुळे भारदस्त वाटतं ते कशामुळे? व्हॉल्व्ह आणि स्पीकर तापले की मूळ सुराचे दुप्पट, तिप्पट कंपनांचे उपस्वर तयार करतात, मोठा आघात थोडा दाबून धरतात, आणि चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचा तारेचा खरखराट कापतात. ८० ते २५० हर्ट्झचा पट्टा भरून निघतो. आपला कान उपस्वर ऐकून मूळ सूर स्वतःच पूर्ण करतो. म्हणूनच मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर, जिथे ४१ हर्ट्झ उमटतच नाही, तिथेही ॲम्पचा बेस ऐकू येतो आणि नुसत्या डीआयचा नाहीसा होतो.

म्हणजे तळ आणि आघाताची धार डीआयची, मधली मांसलता ॲम्पची. हे नीट ओळखलं की पुढचे निर्णय बदलतात.

डीआय नीट घेतला नाही तर तो उगाच बदनाम होतो. बेसमधला साधा, बॅटरी नसलेला पिकअप हा तारेच्या हजारो वेढ्यांचा असतो. त्याला समोर सुमारे दहा लाख ओहम एवढा मोठा अवरोध लागतो. तोच मिक्सरच्या लाइन इनपुटला लावला, जिथे अवरोध दहा-वीस हजार ओहमचा असतो, की वरची चमक गळून पडते. मग लोक म्हणतात, ‘डीआयचा आवाज मेलेला असतो.’ मेलेला असतो तो जोडणीमुळे. इंटरफेसवर गिटारचं चित्र असलेलं किंवा ‘इन्स्ट्रुमेंट’ लिहिलेलं बटण असेल तर ते दाबायचं, नाहीतर डीआय पेटी वापरायची. पेटीच्या दुसऱ्या बाजूची ‘थ्रू’ची जागा ॲम्पकडे जाते, म्हणजे एकाच वाजवण्याचे दोन आवाज मिळतात. ॲम्पच्या मागेही डीआयची जागा असते आणि तिथे बहुधा ‘प्री’ आणि ‘पोस्ट’ असं बटण असतं. रेकॉर्डिंगला मी नेहमी ‘प्री’ ठेवतो. ‘पोस्ट’ ठेवलं की वादकाने ॲम्पचं एखादं बटण फिरवलं तरी डीआयचा आवाजही बदलतो, आणि दोन वेगळ्या वाटा ठेवण्याचा अर्थच उरत नाही.

दोन वाटांनी वायरी गेल्या की अर्थिंगचाही एक फेरा तयार होतो, आणि ५० हर्ट्झचा गुंजारव सुरू होतो. जत्रेच्या किंवा गणपतीच्या मांडवात जनरेटरवर तो हमखास येतो. डीआय पेटीवर ‘ग्राउंड लिफ्ट’ नावाचं बटण त्यासाठीच दिलेलं आहे. ते दाबा. पण काही जण गुंजारव घालवायला ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. ती कधीही काढू नका. ॲम्पमध्ये बिघाड झाला तर वीज तारांतून वादकाच्या हातात येते, आणि त्याचे ओठ माइकला लागलेले असतील तर त्याच्या जिवावर बेतेल.

आता मुख्य गोष्ट, वेळेची. डीआयचा आवाज वायरीतून येतो, म्हणजे जवळजवळ लगेच. ॲम्पचा आवाज स्पीकरमधून निघून हवेतून माइकपर्यंत चालत येतो. हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३५ सेंटिमीटर जातो. माइक एक वीत अंतरावर असेल तर अर्धा-पाऊण मिलिसेकंद उशीर. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण दोन सारखे आवाज थोडे पुढे-मागे होऊन एकत्र आले की काही कंपनांवर एकाची लाट वर आणि दुसऱ्याची खाली असते, आणि तिथे दोघंही एकमेकांना पुसून टाकतात. पुसली जाणारी पहिली जागा उशिराच्या दुपटीने ठरते. उशीर एक मिलिसेकंद असेल तर ५०० हर्ट्झला खड्डा, अडीच असेल तर २०० हर्ट्झला. मग त्याच्या तिप्पट, पाचपट अंतरावर आणखी खड्डे.

माझ्या अनुभवातलं एक उदाहरण सांगतो. एका स्थानिक बँडचं गाणं होतं, चार तारांचा साधा बेस आणि पंधरा इंची स्पीकरचा कॉम्बो ॲम्प. वादकाला ‘खोलीचा थोडा श्वास’ हवा होता म्हणून माइक कोनपासून ४० सेंटिमीटरवर ठेवला. डीआय वेगळ्या ट्रॅकवर. दोन्ही आवाज वेगवेगळे ऐकले तर छान. एकत्र केले तर खालची मोकळी तार भक्कम वाजत होती, पण वादक म्हणाला, ‘दादा, जी तारेवर बाराव्या फ्रेटला गेलो की सूर मरतोय.’

मी त्याला तार हाताने झाकून पिकअपवर एक टिचकी मारायला सांगितलं. टिचकीचा कोवळा, टोकदार आवाज दोन्ही ट्रॅकवर उमटला. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं, तर माइकची पहिली हालचाल डीआयच्या १२० सॅम्पल मागे होती. सेकंदाला ४८,००० सॅम्पलच्या हिशेबात ते बरोबर अडीच मिलिसेकंद. पण ४० सेंटिमीटर अंतराचे फक्त ५५ सॅम्पल व्हायला हवेत. उरलेले ६५ कुठून आले? त्या ॲम्पमध्ये डिजिटल इफेक्ट होते. इफेक्ट बंद दिसत असले तरी आवाज आतल्या चिपमधून जाऊनच बाहेर येत होता. अडीच मिलिसेकंद म्हणजे २०० हर्ट्झला खड्डा, आणि जी तारेवरच्या बाराव्या फ्रेटचा सूर १९६ हर्ट्झचा. त्याचा सूर खरोखरच मरत होता. मोकळ्या जी तारेचा दुसरा उपस्वरही तिथेच पडतो, म्हणून तीही बोथट वाटत होती. जाड तार मात्र वाचली, कारण ४१ हर्ट्झच्या लांब लाटेसाठी अडीच मिलिसेकंद म्हणजे फेऱ्याचा जेमतेम दहावा हिस्सा.

या उदाहरणातली खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. एखादा विशिष्ट सूर किंवा एकाच भागातले सूर गळत असतील, आणि वेगवेगळे ऐकताना गळत नसतील, तर दोष वेळेचा. सगळा तळच नाहीसा होऊन आवाज पातळ, नाकातला वाटत असेल, तर दोष पोलॅरिटीचा, म्हणजे एका वाटेवर लाट उलटी झाली आहे. काही ॲम्प आवाज उलटा करूनच बाहेर पाठवतात, आणि वायरीच्या टोकाला दोन तारा अदलाबदल जोडल्या तरी तेच होतं. टिचकीच्या चित्रात हेही दिसतं: डीआयची पहिली रेघ वर आणि माइकची खाली गेली असेल तर मिक्सरवरचं शून्यावर तिरकी रेघ काढलेलं बटण दाबायचं.

मी डीआयचा ट्रॅक १२० सॅम्पल मागे सरकवला. बाराव्या फ्रेटचा सूर परत आला. पण खालच्या दोन तारा आता थोड्या मऊ झाल्या होत्या. इथे बरेच जण थांबतात, कारण स्क्रीनवर दोन्ही रेघा जुळलेल्या दिसत असतात. प्रश्न असा की स्पीकर हा नुसता उशीर करणारा डबा नाही. कोन आणि पेटी मिळून खालच्या सुरांची लाट वेगळ्या चालीने फिरवतात. पेटी जिथे खाली उतरू लागते तिथे ती पाव फेऱ्यापर्यंत किंवा त्याहून जास्त फिरलेली असते. टिचकी बहुतेक वरच्या कंपनांची बनलेली असते, म्हणून टिचकीने वरचं जुळतं आणि तळ जुळेलच असं नाही. एकाच उशिराने सगळे सूर जुळवणं या कारणाने शक्यच नसतं. लिटल लॅब्सची आयबीपी ही पेटी अशाच कामासाठी आहे, ती वेळ न बदलता लाटेचा फेरा फिरवते. तसं काम करणारी सॉफ्टवेअरही मिळतात.

ते हाताशी नसलं तरी एक जुनी युक्ती आहे आणि मी तिच्यावरच जास्त विसंबतो. दोन्ही आवाज सारख्या पातळीवर आणा. सगळं मोनो करा. एका ट्रॅकची पोलॅरिटी मुद्दाम उलटी करा. वादकाला ए तारेवर खालचे सूर एकसारखे वाजवू द्या आणि उशीर दोन-दोन सॅम्पलने पुढे-मागे करत जा. जिथे आवाज सगळ्यात पातळ, सगळ्यात पोकळ होईल तिथे थांबा. आता पोलॅरिटी सरळ करा. उलट्या अवस्थेत जिथे दोघं एकमेकांना जास्तीत जास्त पुसतात, तिथेच सरळ अवस्थेत ते एकमेकांना जास्तीत जास्त साथ देतात. कानाला ‘सगळ्यात चांगलं’ शोधणं कठीण जातं, पण ‘सगळ्यात वाईट’ लगेच कळतं. या युक्तीने त्या दिवशी आकडा १२० वरून १०८ वर आला. वरची धार किंचित गेली, तळ भरला. बेससाठी हा सौदा मला मान्य आहे.

सारख्या पातळीचा आग्रह कशासाठी, तर जुळलेले दोन समान आवाज एकत्र झाले की सहा डेसिबलने मोठे होतात, आणि मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो. म्हणून एक वाट ऐकणं आणि दोन्ही ऐकणं यांची तुलना करताना बेसचा एकूण फेडर तेवढा खाली घ्या. तसं केल्यावरही मेळ चांगला वाटला तरच तो खरा.

यानंतर यंत्रमागाची धडधड उरली. ती माइकमध्ये होती, डीआयमध्ये नव्हती. तळ डीआयकडे आहेच, तर माइकचा तळ कापून टाकावा, हा सरळ विचार. मी माइकवर १२० हर्ट्झला हाय-पास फिल्टर लावला, तोही चांगला उभा, एका सप्तकात २४ डेसिबल कापणारा. धडधड गेली आणि जी तारेवरच्या चौथ्या फ्रेटचा सूर, जो १२३ हर्ट्झचा, तोही पडला. इतका उभा फिल्टर कापण्याच्या जागी लाट बरोबर अर्धा फेरा फिरवतो. म्हणजे नेमक्या त्या ठिकाणी माइक पुन्हा उलटा झाला आणि डीआयला खाऊ लागला. फिल्टर १२ डेसिबलचा केला, तेव्हा फिरणं पाव फेऱ्यावर आलं. पाव फेऱ्यावर दोन आवाज एकमेकांना पुसत नाहीत. सूर परत आला आणि धडधडही पुरेशी दबली. फिल्टर, इक्वलायझर काहीही लावलं की जुळणी पुन्हा तपासायची, हे त्या दिवशी पक्कं झालं. ज्यांना उभाच फिल्टर हवा त्यांनी डीआयलाही त्याच जागी तसाच लो-पास लावावा, म्हणजे दोघांत वाटणी होऊन बेरीज सपाट येते. पण मग डीआयची वरची धार जाते आणि स्पष्टपणासाठी डीआयच्या ट्रॅकची आणखी एक प्रत काढावी लागते. तेवढा खटाटोप मला चार मिनिटांच्या गाण्यासाठी जड वाटतो.

शेवटी डीआय मुख्य आणि माइक त्याच्या सहा-सात डेसिबल खाली, अशी पातळी ठरली. या आकड्याला नियम समजू नका. जास्त गुरगुर हवी तर माइक वर येईल. मात्र माइक वर नेऊन तळ वाढवायचा प्रयत्न फसतो, कारण तळ तिथे नाहीच.

मंचावर माझं मत वेगळं आहे. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या बंद सभागृहात ॲम्पसमोर माइक लावणं ठीक, पण मैदानावरच्या ऑर्केस्ट्रात तो माइक ड्रम, ढोलकी आणि मंचाखालच्या सबवूफरचाच आवाज जास्त गोळा करतो. तिथे एकटा डीआय पुरतो. शिवाय पुढच्या रांगांना मंचावरचा ॲम्प थेट ऐकू येतच असतो. तो मुख्य स्पीकरच्या तीन मीटर मागे असेल तर आठ-नऊ मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे न मागितलेला मेळ तिथे आपोआप होतो. त्यावर उपाय म्हणजे ॲम्प हळू ठेवणं, वादकाकडे वळवणं, किंवा मुख्य स्पीकर तेवढे उशिराने वाजवणं. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा बेचाळीसवर गेला की ध्वनी वेगाने धावतो, म्हणून आकडे बदलतात का, असं एका मुलाने विचारलं होतं. ४० सेंटिमीटरवरच्या माइकला वीस अंश आणि बेचाळीस अंश यांतला फरक दोन सॅम्पलचा पडतो. तो सोडून द्या. मैदानात मागे उभारलेल्या स्पीकरच्या मनोऱ्यांना मात्र तो मोजावा लागतो.

ॲम्पची नक्कल करणारी सॉफ्टवेअर आता चांगली झाली आहेत. त्यांत यंत्रमाग नसतो, शेजारी नसतात. पण तीही काही मिलिसेकंद उशीर करू शकतात, त्यामुळे टिचकीची चाचणी तिथेही चुकत नाही. डिजिटल मिक्सरमध्ये एका चॅनलवर इफेक्ट लावला आणि दुसऱ्यावर नाही, तर तेच.

सोलापुरातल्या तरुण बँडना एक विनंती. ॲम्पचा आवाज कितीही आवडला तरी डीआयचा ट्रॅक नेहमी घ्या, आणि गाणं झाल्यावर तो पुसू नका. री-ॲम्प नावाची छोटी पेटी तोच ट्रॅक पुन्हा गिटारच्या पातळीवर आणून ॲम्पला देते. दिवसा माग चालू असताना वादकाकडून मनासारखं वाजवून घ्या. माग बंद असतील त्या सुट्टीच्या दिवशी तोच ट्रॅक ॲम्पमधून सोडा, समोर माइक लावा आणि शांतपणे जागा शोधा. वादक तिथे असायचीही गरज नाही.